तारखांची वजाबाकी : रायगड ते भिंगार

१/ शिवछत्रपतींच्या निधनानंतर औरंगजेब नेमका किती दिवस जगला? पुस्तकांत पहिली तारीख ३ एप्रिल १६८० (रायगड) आणि दुसरी ३ मार्च १७०७ (अहमदनगरजवळचे भिंगार) अशी आढळते. सरळ वजाबाकी केली, तर उत्तर चुकते.

२/ कारण या दोन तारखा दोन वेगळ्या पंचांगांतल्या आहेत. पहिली जुन्या ज्युलियन गणनेची, दुसरी आजच्या ग्रेगोरियन गणनेची. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनीच गणना वापरली, म्हणून काही ग्रंथांत औरंगजेबाचा मृत्यू २० फेब्रुवारी १७०७ असा येतो. दिवस एकच, नावे दोन. दोन गणनांतील अंतर १६८० मध्ये १० दिवसांचे होते. १७०० हे वर्ष जुन्या गणनेत लीप होते, नव्या गणनेत नव्हते. म्हणून १७०७ मध्ये ते ११ झाले.

३/ यावर खगोलशास्त्रज्ञांचा उपाय म्हणजे ज्युलियन दिनांक. महिने, वर्षे काहीच नाही, इ. स. पूर्व ४७१३ च्या १ जानेवारीला (ज्युलियन) शून्य धरून प्रत्येक दिवसाला पुढचा क्रमांक. आपल्या सिद्धान्तग्रंथांतला ‘अहर्गण’ हीच कल्पना आहे; तिथे मोजणी बहुधा कलियुगारंभापासून होते.

४/ आता प्रत्येक तारीख तिच्या मूळ गणनेतून क्रमांकात बदलू.

३ एप्रिल १६८० (ज्युलियन) = २३३४७७१
३ मार्च १७०७ (ग्रेगोरियन) = २३४४५९०
वजाबाकी = ९८१९ दिवस

म्हणजे सव्वीस वर्षे आणि साधारण साडेदहा महिने. दोन्ही तारखा ग्रेगोरियन समजलो असतो, तर ९८२९ आले असते : दहा दिवस जास्त.

५/ क्रमांकावरून वारही तपासता येतो. ७ ने भागून बाकी ० उरली तर सोमवार, १ उरली तर मंगळवार, याच क्रमाने पुढे. २३३४७७१ ला बाकी ५, म्हणजे शनिवार. चैत्र शुद्ध पौर्णिमा, शनिवार ही नोंद तंतोतंत जुळते.

६/ दुसरा क्रमांक मात्र अडखळवतो. बाकी ३, म्हणजे गुरुवार. पण औरंगजेब शुक्रवारी गेला असे चरित्रांत सांगितले जाते. हिजरी तारीख २८ जिल्काद १११८. ठरावीक गणिती कोष्टकाने तिचाही क्रमांक २३४४५९० च येतो. परंतु हिजरी महिना प्रत्यक्ष चंद्रदर्शनाने सुरू होई. चंद्र एक दिवस उशिरा दिसला असेल, तर २८ तारीख शुक्रवारी पडते, आणि मग इंग्रजी तारीख ४ मार्च आणि अंतर ९८२० दिवस.

७/ या दोहोंपैकी खरे कोणते, हे क्रमांक सांगत नाही. ‘३ मार्च’ आणि ‘शुक्रवार’ एकाच वेळी खरे असू शकत नाहीत, एवढेच तो दाखवतो. पुढचा निवाडा मूळ कागदपत्रांचा. म्हणून जुनी तारीख टिपताना तिची गणना आणि वार, दोन्ही शेजारी लिहावेत.