उमेदवारी मागणारा अपात्र!

मौलाना अबुल आला मौदूदी औरंगाबादचे. 1903 साली त्यांचा जन्म तिथलाच. 1941 मध्ये त्यांनी लाहोरला जमाअत-ए-इस्लामी स्थापन केली, तेव्हा ती मतं मागणारी संघटना नव्हती. चारित्र्यवान माणसं घडवायची, मग समाज आपोआप बदलेल, असा हिशेब होता. फाळणीनंतर पाकिस्तानात निवडणुका आल्या आणि हा हिशेब अडचणीत आला.

1951 च्या पंजाब प्रांतिक निवडणुकीत जमाअतने एक विलक्षण पद्धत वापरली. पद मागणाऱ्याला पद देऊ नये, या हदीसचा आधार घेऊन तिने स्वतःहून उमेदवारी मागणं निषिद्ध ठरवलं. मतदारांच्या पंचायती भरवायच्या, त्यांनी आपल्यातला ‘सालेह’, म्हणजे सदाचारी माणूस निवडायचा. त्याने स्वतःसाठी मत मागायचं नाही, प्रचार पंचायतीने करायचा. कल्पना सुंदर होती, पण समोर जमीनदार होते आणि गावची मतं त्यांच्या शब्दावर पडत. पंचायतींचे जवळपास सगळे सालेह उमेदवार पडले.

या पराभवाने पक्षात जो वाद पेटला, तो मला निकालापेक्षा महत्त्वाचा वाटतो. राजकारणापायी आपण माणसं घडवायचं मूळ काम सोडलं, असं अमीन अहसन इस्लाही आणि तरुण इसरार अहमद यांच्यासारख्यांचं म्हणणं होतं. फेब्रुवारी 1957 मध्ये माछी गोठच्या अधिवेशनात मौदूदींनी कित्येक तास भाषण करून निवडणुकीची बाजू मांडली. बहुमत त्यांच्या मागे गेलं. विरोधक पुढे एकेक करून बाहेर पडले, आणि पक्षात ‘हे चुकतंय’ म्हणणाऱ्यांचा आवाज क्षीण झाला. पुढच्याच वर्षी कराची महापालिकेत जमाअतने स्वतःच्या नावावर उमेदवार उभे केले. त्यातले बहुतेक निवडून आले. शहरात, सुशिक्षित मध्यमवर्गात तिची यंत्रणा चालत होती.

खरी कसोटी लागली ती 1965 च्या अध्यक्षीय निवडणुकीत. अयूब खान यांच्या राजवटीने जमाअतवर बंदी घातली होती, मौदूदींना तुरुंगात टाकलं होतं. अयूबविरुद्ध उभ्या होत्या फातिमा जिना. स्त्री राष्ट्रप्रमुख होऊ शकत नाही, हे मौदूदींचं जुनं मत. आता त्यांनी सांगितलं की अपवादात्मक परिस्थितीत हुकूमशहापेक्षा ही निवड परवडली. गंमत पाहा, ज्या अयूबना उलेमा जुनाट वाटत, त्यांच्याच गोटाने स्त्रीच्या नेतृत्वाविरुद्ध उलेमांचे फतवे मिळवले! दोन्हीकडे धर्म होता आणि दोन्हीकडे मतांची गरज. मौदूदींनी मूळ सिद्धांत मागे घेतला नाही, फक्त अपवाद काढला. मला ही भूमिका राजकीयदृष्ट्या योग्य वाटते, पण स्त्रीला अधिकार म्हणून काही दिलं नाही, ही तिची मर्यादाही दिसते.

एवढी मुरड घालून मतं मिळाली का? 31 मे 1970 ला ‘यौम-ए-शौकत-ए-इस्लाम’ म्हणून जमाअतने देशभर प्रचंड मिरवणुका काढल्या. त्याच डिसेंबरमध्ये मतदान झालं. पश्चिमेत भुट्टो रोटी, कपडा, मकान म्हणत होते, पूर्वेत शेख मुजीब बंगाली माणसाच्या हक्काचं बोलत होते. थेट निवडणुकीच्या 300 जागांपैकी जमाअतला मिळाल्या 4. मिरवणुकीत चाललेल्या कित्येकांनी मत दुसऱ्यालाच दिलं असणार.