पांढरा सदरा, निळा दुपट्टा : कपड्यांचे बंड कुठवर?

16 ऑक्टोबरला मूलहून चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जाणारी आपली पोरं पांढरा सदरा घालतात, गळ्यात निळा दुपट्टा टाकतात. ते पाहून काही शहाणे विचारतात, "कपड्यांनी कुठे क्रांती होते का?" या प्रश्नाचे उत्तर आपण इतिहासातच शोधू.

कपड्यांचे राजकारण आपण सुरू केलेले नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने मेलेल्याचे कपडे आणि लोखंडाचे दागिने घालावेत, असा दंडकच आहे. माणूस दुरूनच ओळखू यावा आणि त्याला दूर ठेवता यावे, हा त्यामागचा हेतू. म्हणूनच डिसेंबर 1927 मध्ये महाडला मनुस्मृती जाळणाऱ्या बाबासाहेबांनी त्याच परिषदेत स्त्रियांना सांगितले, की अस्पृश्यतेची खूण असलेले दागिने टाका आणि लुगडे नेसण्याची पद्धत बदला. ग्रंथ जाळणे आणि लुगडे बदलणे ही एकाच लढ्याची दोन अंगे होती. पुढे 1956 च्या ऑक्टोबरमध्ये, 14 तारखेला नागपुरात आणि 16 तारखेला चांद्यात, पांढऱ्या वेशातला समाज बुद्धाला शरण गेला.

इंग्लंडच्या बर्मिंगहॅम विद्यापीठातील स्टुअर्ट हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात तरुणांच्या अशा वेशभूषेचा अभ्यास केला. लंडनच्या कामगार वस्तीतले 'टेडी बॉय' श्रीमंतांच्या जुन्या फॅशनचे लांब कोट घालत. वरच्यांचा पोशाख आपल्या अंगावर चढवणे हा प्रतिकारच होता, पण तो प्रतीकापुरता. त्याने पगार वाढला नाही की घर मिळाले नाही. 1958 मध्ये तर लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये हेच टेडी बॉय कॅरिबियन बेटांतून आलेल्या काळ्या लोकांवर धावून गेले. बंडखोर पोशाखाला विचाराची दिशा नसेल तर हात आपल्यापेक्षा दुबळ्यावरच उठतो.

आपला पांढरा वेश इथेच वेगळा ठरतो. टेडी बॉयची शैली आईबापांपासून वेगळे दिसण्यासाठी होती. आपल्याकडे आजीने 1956 मध्ये नेसलेले पांढरे लुगडेच नातवाच्या सदऱ्यात उतरले आहे. आणि प्रतीक पोकळ असते तर जातीयवाद्यांना ते खुपले नसते. मे 2015 मध्ये शिर्डीत भीमगीताच्या रिंगटोनवरून वाद काढून एका तरुणाचा खून करण्यात आला. त्या गाण्यातली मान ताठ करण्याची ताकद मारणाऱ्यांना नेमकी कळली होती.

तरीही मर्यादा आहे. निळा दुपट्टा आज कोणताही पुढारी निवडणुकीपुरता गळ्यात घालतो, डीजेचे पैसे देतो आणि मिरवणुकीत पुढे चालतो. तेव्हा खूण आपली राहते, पण तिचा अर्थ दुसऱ्याच्या हाती जातो. हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे : 17 ऑक्टोबरला तोच गट अडलेल्या शिष्यवृत्तीसाठी आणि वनहक्काच्या दाव्यासाठी तहसीलच्या पायरीवर दिसतो का? दिसत असेल तर तो दुपट्टा चळवळीचा. नसेल तर तो बाजारातला निळा कपडा आहे.

जय भीम!