साथ-आलेख

साथ-आलेख : साथीतील नव्या रुग्णांची संख्या लक्षणे सुरू झाल्याच्या वेळेनुसार मांडणारा स्तंभालेख [→ साथरोगशास्त्र]. आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर रुग्णसंख्या असते. नोंदणीची तारीख घेतल्यास आलेख उजवीकडे सरकतो व वाचन चुकते.

अभ्यासक्रमात वापरले जाणारे उदाहरण न्यूयॉर्क राज्यातील ऑस्वेगो परगण्याचे आहे. तेथे एप्रिल १९४० मध्ये चर्चच्या भोजनानंतर अनेकांना उलट्या-जुलाब झाले. मुलाखत घेतलेल्या ७५ जणांपैकी ४६ आजारी पडले, म्हणजे आक्रमण दर सुमारे ६१ टक्के. आलेखाला एकच तीव्र शिखर आहे. त्यावरून सर्वांना एकाच वेळी एकाच स्रोतातून बाधा झाल्याचे कळते. माणसाकडून माणसाला पसरणाऱ्या रोगात उबवणकाळाच्या अंतराने वाढती शिखरे दिसतात.

स्रोत मात्र आलेखातून कळत नाही. त्यासाठी पदार्थवार दर काढतात. व्हॅनिला आइस्क्रीम खाल्लेल्या ५४ पैकी ४३ (७९.६ टक्के), तर न खाल्लेल्या २१ पैकी ३ जण (१४.३ टक्के) आजारी होते. गुणोत्तर सुमारे ५.६ येते, आणि संशय त्याच पदार्थावर जातो. आइस्क्रीम न खाता आजारी पडलेल्या तिघांमागे विस्मरण किंवा अन्य कारण असू शकते.

विद्यार्थी येथे कधीकधी आक्रमण दराऐवजी प्रचलन दर काढतात. तो विशिष्ट क्षणी असलेले नवे-जुने सर्व रुग्ण मोजतो, म्हणून क्षयासारख्या दीर्घ रोगांनाच अधिक उपयुक्त ठरतो [→ प्रचलन दर; क्षयरोग].