‘महिन्यातून २१ वेळा’: एका आकड्याचा इतिहास

(१) गेल्या महिन्यात पेणहून रोह्याला काकांकडे गेलो होतो. रात्री त्यांना चार-पाच वेळा लघवीला उठावे लागते. डॉक्टरांचा विषय काढताच त्यांनी मोबाइलवर आलेला एक संदेश दाखवला : ‘महिन्यातून २१ वेळा वीर्यस्खलन झाल्यास प्रोस्टेटचा कर्करोग होत नाही, हार्वर्डने सिद्ध केले.’ हा आकडा कोठून आला, हे सांगण्यासाठी हा धागा.

(२) प्रथम थोडे मागे जाऊ. १७६० मध्ये तिसो या स्विस वैद्याचा हस्तमैथुनावरील फ्रेंच ग्रंथ प्रसिद्ध झाला. वीर्यनाशाने शरीर व बुद्धी दोन्ही खचतात, असा त्याचा दावा होता. आपल्याकडे धातुक्षयाची भीती आधीपासूनच होती. दोन्ही समजुतींत गृहीत एकच : वीर्य म्हणजे साठवून ठेवण्याची पुंजी.

(३) मराठीत या भीतीला उघडपणे आव्हान दिले ते रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. गणिताचे हे प्राध्यापक १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत. वाचक त्यात खाजगी प्रश्न विचारीत आणि कर्वे त्यांना सरळ उत्तरे देत. हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांवरील अशाच उत्तरांमुळे त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला.

(४) १९३४ मध्ये कर्व्यांच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. मासिकाचा विषयच लैंगिक आरोग्य असेल, तर त्यात तसे प्रश्न येणारच, ही बचावाची भूमिका होती. खटला ते हरले आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. प्रश्नाचे उत्तर देणे हाच गुन्हा ठरला!

(५) आता हार्वर्डकडे वळू. अमेरिकेतील आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्या पुरुषांचा एक दीर्घ अभ्यास तेथे चालू आहे. १९९२ मध्ये त्यांना विचारले गेले : विशीत, चाळिशीत आणि गेल्या वर्षी महिन्याला सरासरी किती वेळा स्खलन होत असे? समागम, हस्तमैथुन, स्वप्नावस्था हे सारे त्यात मोजले होते.

(६) पुढे २०१० पर्यंत सुमारे ३२,००० पुरुषांपैकी ३,८३९ जणांना प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निदान झाले. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. महिन्याला ४ ते ७ वेळा सांगणाऱ्यांच्या तुलनेत २१ किंवा अधिक वेळा सांगणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे एक पंचमांशाने कमी होते. संदेशातला ‘२१’ तो हा. प्रश्नावलीतील सर्वांत वरच्या गटाची ती सीमा आहे, औषधाची मात्रा नव्हे.

(७) एक पंचमांश म्हणजे किती? अमेरिकेत साधारण आठ पुरुषांमागे एकाला आयुष्यात हे निदान होते, म्हणजे शंभरात सुमारे बारा. त्यातून एक पंचमांश वजा केल्यास दहा उरतात. ‘होत नाही’ आणि ‘बाराऐवजी दहा’ यांत फार अंतर आहे. भारतात या रोगाची नोंद बरीच कमी असल्याने हा फरक आणखी लहान ठरेल.

(८) इतिहासाचा विद्यार्थी साधनाची चिकित्सा आधी करतो. येथे साधन आहे स्मृती. १९९२ मध्ये हे पुरुष ४६ ते ८१ वर्षांचे होते. सत्तरीतला माणूस आपल्या विशीतला आकडा कितपत अचूक सांगेल? शिवाय ज्याची प्रकृती मुळात चांगली, त्याचे कामजीवनही अधिक असू शकते. मग रोग टळला तो स्खलनामुळे की प्रकृतीमुळे? अशा निरीक्षणातून हे वेगळे काढता येत नाही.

(९) घट मुख्यतः कमी धोक्याच्या गाठींमध्ये दिसली. जीवघेण्या कर्करोगापासून संरक्षण मिळते, असे यावरून म्हणता येत नाही. इतर अभ्यासही एकमुखी नाहीत. २००३ च्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात विशीतले अधिक स्खलन व कमी धोका यांचा संबंध आढळला. २००९ च्या ब्रिटनमधील अभ्यासात तरुणपणीचे अधिक हस्तमैथुन व अधिक धोका यांचा. स्खलनाने ग्रंथीतील घातक द्रव्ये बाहेर पडतात, हे स्पष्टीकरण अद्याप तर्कच आहे.

(१०) मग हाती काय उरते? स्खलनाने प्रोस्टेटला अपाय होतो, या जुन्या भीतीला या अभ्यासांतून भक्कम आधार मिळत नाही. पण ते कर्करोगावरील कवच आहे, हेही सिद्ध झालेले नाही. ब्रह्मचारी, विधुर वा आजारी माणसाने या आकड्याने धास्तावण्याचे कारण नाही.

(११) काकांना एवढेच सांगितले : रात्री वारंवार उठावे लागणे बहुधा वयोमानाने ग्रंथी वाढल्याचे लक्षण असते, पण कर्करोग आरंभी काहीच लक्षण दाखवत नाही, असेही होते. दोहोंतला भेद आकडा मोजून कळत नाही. त्यासाठी डॉक्टरांची तपासणी आणि ते सांगतील तर ‘पीएसए’ ही रक्तचाचणी लागते. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “हे विचारायचं कुणाला, हाच प्रश्न होता रे.”

(१२) ‘समाजस्वास्थ्य’ला पत्रे लिहिणाऱ्यांचाही प्रश्न तोच होता.