निळ्या आकाशाचे व्याख्यान

२८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन जवळ आला की पारशिवनीसारख्या गावातल्या शाळेतही एक साधा प्रयोग करून दाखवता येतो. वर्ग अंधारा करायचा, काचेच्या बरणीत पाणी घ्यायचे, दुधाचे दोन-तीन थेंब टाकायचे आणि टोकाकडून बॅटरीचा झोत सोडायचा. बाजूने पाहिले तर पाणी निळसर दिसते. समोरच्या टोकाकडून पाहिले तर दिवा पिवळट, नारिंगी होतो. पोरांना विचारायचे ते एवढेच, की आभाळ निळे का? साध्या प्रयोगातून विज्ञान उलगडण्याच्या या पद्धतीचे मूळ शोधायला आपण लंडनला जाऊ.

तेथील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळची व्याख्याने सुरू झाली. मायकेल फॅरेडे यांनी तिथे साध्या मेणबत्तीपासून आरंभ करून श्रोत्यांना ज्वलनाच्या रसायनापर्यंत नेले. त्यांचे वारसदार जॉन टिंडल. त्यांनी १८६० च्या दशकाच्या अखेरीस काचेच्या नळीत सूक्ष्म कणांचा ढग करून त्यात प्रकाश सोडला आणि प्रयोगशाळेतच निळे आकाश उतरवले. मात्र हवेत असे कोणते कण आहेत, हे कोडेच राहिले. १८७१ मध्ये रॅले यांनी गणिताने दाखवले की अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे चौपट विखुरतात; आणि १८९९ मध्ये ते म्हणाले, हे कण म्हणजे हवेचेच रेणू.

इकडे कलकत्त्यात डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून १८७६ मध्ये 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' ही संस्था स्थापन केली. सरकारी हिशेबखात्यातले चंद्रशेखर वेंकट रामन नोकरीबाहेरच्या वेळात तिथेच प्रयोग करत. मधल्या काळात याच नोकरीने त्यांना काही काळ नागपूरलाही आणले होते! १९२१ मध्ये युरोपहून जहाजाने परतताना त्यांना समुद्राचा निळा रंग खटकला. रॅले म्हणत, ते आकाशाचे प्रतिबिंब. रामन यांनी निकोल प्रिझमने पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवला, तरी निळाई उरलीच. म्हणजे पाणीही प्रकाश विखुरते. या विखुरण्याचा माग काढताकाढता १९२८ मध्ये 'रामन परिणामा'चा शोध लागला.

पुढे २२ डिसेंबर १९६८ रोजी अहमदाबादच्या कम्युनिटी सायन्स सेंटरमध्ये, ऐंशीच्या घरातले रामन 'आकाश निळे का?' या विषयावर बोलायला उभे राहिले. नोबेल मिळवून देणाऱ्या शोधाऐवजी त्यांनी ज्यासाठी फक्त मान वर करावी लागते असा प्रश्न घेतला आणि श्रोत्यांना पायरीपायरीने हवेच्या रेणूंपर्यंत नेले.

बरणीकडे परत येऊ. दूध जास्त झाले की पाणी नुसते पांढरे दिसते. दुधाचे कण रेणूंपेक्षा मोठे असतात आणि प्रकाश एकाच कणावरून न वळता अनेकांवर आपटत राहतो. ढग पांढरे दिसतात तेही त्यातले थेंब मोठे म्हणूनच. जुना पिवळा बल्ब वापरला तर निळाई जेमतेम दिसते, कारण त्याच्या उजेडात निळा रंगच थोडा असतो. मग एखादे पोर विचारते, चांदण्यात आकाश निळे का नाही? असते ते निळेच. पण इतक्या मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाही. पेंचकडच्या काळोख्या रानात पौर्णिमेला कॅमेरा काही सेकंद उघडा ठेवा, फोटोत आकाश निळे उतरते.