कधीपासूनचे बदल?

युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतल्या (१९७९) `dump` या प्रोग्राममध्ये फुल, इन्क्रिमेंटल आणि डिफरेन्शियल असे तीन वेगळे प्रकार नव्हते. त्याच्याकडे ० ते ९ अशा पातळ्या होत्या आणि नियम एकच: आपल्याहून खालच्या पातळीचा शेवटचा बॅकअप झाल्यापासून जे बदललं, ते टेपवर घ्यायचं. शून्य म्हणजे सगळंच. रविवारी ० आणि मग रोज १, २, ३ असं चढत गेलं की इन्क्रिमेंटल होतो. रोज १च दिला की डिफरेन्शियल. म्हणजे ही दोन्ही भावंडं एकाच नियमातून निघालेली.

समजा, डेटा १०० जीबी आहे आणि रोज ५ जीबी बदलतो. रोज फुल बॅकअप घेतला तर आठवड्याला ७०० जीबी जागा जाते. रविवारी फुल आणि पुढचे सहा दिवस इन्क्रिमेंटल घेतला, तर १३० जीबीत भागतं. डिफरेन्शियलचं मात्र बदल कुठे होतात त्यावर ठरतं. रोज नव्या फाइली येत असतील तर तो ५, १०, १५ असा फुगत शनिवारी ३० जीबी होतो आणि आठवडा २०५ जीबीवर जातो. पण रोज त्याच ५ जीबीच्या फाइली बदलत असतील तर तो फुगतच नाही. जागा इन्क्रिमेंटलइतकीच लागते.

शनिवारच्या बॅकअपनंतर डिस्क गेली तर? नव्या फाइलींच्या बाबतीत दोन्हीकडे १३० जीबीच वाचायचे. तरी इन्क्रिमेंटलला सात टेपा क्रमाने चढवाव्या लागतात, डिफरेन्शियलला दोनच. त्याच त्या फाइली बदलत असतील तर फरक आणखी वाढतो: इकडे १३०, तिकडे १०५. शिवाय साखळीतली एक टेप खराब निघाली की तिच्या पुढच्या टेपांवर भरवसा ठेवता येत नाही.

यावर बीएसडीच्या `dump`च्या मॅन्युअलमध्ये हनोईच्या मनोऱ्यावरून घेतलेला क्रम दिलेला असे: ३ २ ५ ४ ७ ६ आणि पुढे. सोमवारपासून तो लावला तर शुक्रवारच्या ७ नंतर रिस्टोअरला ०, २, ४, ७ अशा चारच टेपा लागतात. साध्या चढत्या क्रमात सहा लागल्या असत्या.

डॉसने हा हिशेब फारच आखडून टाकला. `dump` तारखा फाइलीत लिहून ठेवायचा. डॉसमध्ये प्रत्येक फाइलीवर एकच बिट, ‘बदलली’ एवढंच सांगणारा. `XCOPY /M` कॉपी करून तो पुसतो, म्हणून इन्क्रिमेंटल. `/A` तसाच ठेवतो, म्हणून डिफरेन्शियल. यातली मेख अशी की, मध्येच कुणी आपल्या सोयीसाठी `/M` चालवला तर बिट पुसला गेलेल्या फाइली तुमच्या पुढच्या डिफरेन्शियलमधून निसटतात. एरर येत नाही. बुधवारी १५ जीबी असलेला बॅकअप गुरुवारी अचानक ५ जीबीवर आला, तर आधी हाच संशय घ्यावा.

टेपांची जागा डिस्कने घेतल्यावर जुना फुल आणि नंतरचे इन्क्रिमेंटल सर्व्हरवरच जोडून नवा फुल तयार करता येऊ लागला. याला सिंथेटिक फुल म्हणतात. मूळ मशीनवरून रोज फक्त ५ जीबी येतात आणि रिस्टोअर एकाच संचातून होतो. पण मधल्या एखाद्या तुकड्यात चूक असेल आणि जोडताना चेकसम तपासला नसेल, तर ती चूक नव्या फुलमध्येही जशीच्या तशी उतरते.