आंशिक परतावा (ऑनलाइन खरेदी)

आंशिक परतावा म्हणजे ऑनलाइन ऑर्डरमधील सर्व वस्तू परत न करता काही वस्तू परत केल्यावर किंवा रद्द केल्यावर ग्राहकाला मिळणारी रक्कम. ऑर्डरचे पैसे एकाच मार्गाने भरलेले असतील आणि कोणतीही सवलत घेतलेली नसेल, तर ही रक्कम काढणे सोपे असते. कूपन वापरलेले असेल आणि उरलेले पैसे काही वॉलेटमधून, काही बँकेतून दिलेले असतील, तर मात्र दोन वेगवेगळ्या विभागण्या कराव्या लागतात. पहिली विभागणी सवलतीची असते व ती वस्तूंवर होते. दुसरी परताव्याच्या रकमेची असते व ती पैसे आले त्या स्रोतांवर होते. या दोन विभागण्यांची सरमिसळ हे चुकीच्या परताव्यांचे नेहमीचे कारण आहे.

## कूपन आणि वॉलेट यांतील फरक

बिलावर कूपन आणि वॉलेट या दोन्ही रकमा एकूण किमतीतून वजा झालेल्या दिसतात. त्यामुळे दोन्ही एकाच प्रकारच्या आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात कूपनमुळे वस्तूची किंमतच कमी होते. ती रक्कम ग्राहकाने कधीच दिलेली नसते. वॉलेटमधील शिल्लक ही ग्राहकाची रक्कम असून तिने कमी झालेली किंमत चुकती केली जाते. म्हणून कूपनची रक्कम परत मिळत नाही आणि वॉलेटची मिळते.

वस्तू व सेवा करातही हाच भेद आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम १५ नुसार विक्रीच्या वेळी किंवा त्याआधी दिलेली आणि बिलावर नोंदलेली सवलत करपात्र मूल्यात धरली जात नाही. वॉलेटमधून दिलेली रक्कम मात्र मूल्याचाच भाग असते. वस्तू परत आल्यावर विक्रेता कलम ३४ खाली जी क्रेडिट नोट काढतो, तीही सवलत वजा जाता उरलेल्या किमतीचीच असते.

## एक उदाहरण

एका ग्राहकाने १,२०० रुपयांचा कुर्ता, ८०० रुपयांची चप्पल आणि ५०० रुपयांचे पुस्तक मागवले, असे समजू. या किमती करासह आहेत. एकूण २,५०० रुपयांवर ३०० रुपयांचे कूपन लागले आणि देय रक्कम २,२०० रुपये झाली. त्यांपैकी ६०० रुपये वॉलेटमधून व १,६०० रुपये यूपीआयने भरले. कूपन संपूर्ण ऑर्डरवर असल्यामुळे ते किमतीच्या प्रमाणात वाटले जाते. चप्पल एकूण किमतीच्या ३२ टक्के आहे, म्हणून ३०० रुपयांतील ९६ रुपये तिच्या वाट्याला येतात. कूपन केवळ कपड्यांवर असते, तर सगळे ३०० रुपये कुर्त्याच्याच किमतीतून गेले असते आणि चप्पल परत केल्यावर पूर्ण ८०० रुपये मिळाले असते.

| वस्तू | किंमत | कूपनचा वाटा | दिलेली किंमत | वॉलेटचा वाटा | यूपीआयचा वाटा |
|---|---|---|---|---|---|
| कुर्ता | १,२०० | १४४ | १,०५६ | २८८ | ७६८ |
| चप्पल | ८०० | ९६ | ७०४ | १९२ | ५१२ |
| पुस्तक | ५०० | ६० | ४४० | १२० | ३२० |
| एकूण | २,५०० | ३०० | २,२०० | ६०० | १,६०० |

चप्पल परत केल्यास ७०४ रुपये परतावा होतो. प्रमाणशीर पद्धतीने त्यातील १९२ रुपये वॉलेटमध्ये आणि ५१२ रुपये बँक खात्यात जातात.

या टप्प्यावर ग्राहकाचा अनेकदा गैरसमज होतो. वॉलेटमधील रक्कम त्याच दुकानाच्या किंवा कंपनीच्या खातेवहीतली असल्यामुळे ती सहसा लगेच जमा होते, तर बँकेकडची रक्कम काही दिवसांनी येते. ८०० रुपयांची वस्तू परत करून हाती १९२ रुपयेच आले असे त्या मधल्या काळात वाटते. बँकेच्या भागाचा शोध घेण्यासाठी यूपीआयच्या बाबतीत व्यवहाराचा संदर्भ क्रमांक विचारता येतो. कार्डाच्या परताव्यालाही असा क्रमांक असतो आणि तो दिल्यास बँकेला नोंद शोधता येते.

## स्रोतांचा क्रम

प्रमाणशीर वाटणी ही एकमेव पद्धत नाही. काही दुकाने आधी वॉलेट भरतात. त्या पद्धतीत चप्पलेच्या ७०४ रुपयांपैकी ६०० रुपये वॉलेटमध्ये आणि १०४ रुपये बँकेत जातील. काही दुकाने याउलट आधी बँकेचे पैसे परत करतात; तेव्हा ७०४ रुपये पूर्णपणे यूपीआयने येतील. पुढे कुर्ताही परत केला तर बँकेच्या १,६०० रुपयांपैकी ८९६ रुपयेच शिल्लक असल्यामुळे १,०५६ रुपयांतील उरलेले १६० रुपये वॉलेटमध्ये जातील. कोणत्याही स्रोताला त्यातून मुळात आलेल्या रकमेपेक्षा अधिक परत करायचे नाही, हे बंधन तिन्ही पद्धतींत सारखेच आहे.

सगळ्याच वस्तू परत केल्या तर तिन्ही पद्धतींचे उत्तर एक येते. थोड्याच वस्तू परत करणाऱ्याला मात्र त्यांतील फरक जाणवतो, कारण ज्या वॉलेटमधील पैसे फक्त त्याच दुकानात खर्च करता येतात, त्यात अडकलेले ६०० रुपये आणि बँकेत आलेले ६०० रुपये सारखे उपयोगी नसतात. वॉलेट आधी भरण्याची पद्धत दुकानाच्या सोयीची आहे, हे उघड आहे.

भारतात याविषयी काही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये पेमेंट अ‍ॅग्रीगेटरसाठी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, ग्राहकाने दुसऱ्या मार्गास स्पष्ट संमती दिलेली नसेल तर परतावा मूळ मार्गानेच करावा, अशी अट घालण्यात आली. प्रीपेड साधनांविषयीच्या ऑगस्ट २०२१ च्या निर्देशांनुसार वॉलेटमधून जितकी रक्कम गेली असेल तितक्या मर्यादेपर्यंतचा परतावा त्याच वॉलेटमध्ये तत्काळ जमा करावा लागतो. त्यामुळे शिल्लक ठरलेल्या कमाल मर्यादेच्या वर गेली तरी हरकत नसते. केवळ स्वतःच्या वस्तू व सेवांसाठी दुकानाने काढलेल्या ‘बंद’ वॉलेटला मात्र रिझर्व्ह बँकेची मान्यता लागत नाही. अशा वॉलेटच्या बाबतीत दुकानाच्या अटी वाचणे आवश्यक ठरते.

वॉलेटमध्येही दोन प्रकारची रक्कम असू शकते: ग्राहकाने भरलेली किंवा आधीच्या परताव्यातून आलेली, आणि दुकानाने प्रसिद्धीसाठी दिलेली मुदतबंद रक्कम. दुसऱ्या प्रकारची रक्कम परत येते ती सहसा तिच्या जुन्या मुदतीसह. परतावा येईपर्यंत मुदत संपली असेल तर ती काही दुकानांत हातची जाते, तर काही दुकाने मुदत वाढवून देतात. त्यामुळे वॉलेटमधील कोणती रक्कम आधी खर्च झाली, याची नोंद खरेदीच्या वेळीच ठेवावी लागते.

## किमान खरेदीची अट

वरील कूपनला ‘किमान २,००० रुपयांची खरेदी’ अशी अट असती, तर चप्पल परत गेल्यावर उरलेली खरेदी १,७०० रुपयांची होते आणि अट मोडते. काही दुकाने याकडे दुर्लक्ष करून प्रमाणशीर ७०४ रुपयेच देतात. काही दुकाने उरलेल्या वस्तूंची किंमत कूपनशिवाय धरतात. त्यांच्या हिशेबाने ग्राहकाकडे १,७०० रुपयांच्या वस्तू आहेत व त्याने २,२०० रुपये दिले आहेत, म्हणून परतावा ५०० रुपये. दोन्हींतील २०४ रुपयांचा फरक म्हणजे कुर्ता आणि पुस्तक यांच्या वाट्याची १४४ व ६० रुपयांची सवलत होय.

ही पद्धत ग्राहकाला कठोर वाटली तरी ती अंतर्गत सुसंगत आहे. पुढे कुर्ता परत केल्यास ग्राहकाकडे ५०० रुपयांचे पुस्तक उरते, म्हणून एकूण परतावा १,७०० रुपये व्हायला हवा. त्यातील ५०० आधीच दिलेले असल्यामुळे आता १,२०० मिळतात. पुस्तकही परत गेले तर शेवटचे ५०० मिळून बेरीज २,२०० होते. दुसऱ्या परताव्याच्या वेळी कूपनचा वाटा पुन्हा वजा होत नाही, कारण तो पहिल्याच वेळी पूर्ण वजा झालेला असतो.

याच ठिकाणी हिशेब बिघडण्याचा धोका असतो. प्रत्येक परताव्याच्या वेळी पूर्ण कूपन वजा करणारी प्रणाली चप्पलेचे ५००, कुर्त्याचे ९०० आणि पुस्तकाचे २०० रुपये देईल. बेरीज १,६०० होते आणि ग्राहकाचे ६०० रुपये बुडतात. उलट चूक छापील किमतीवर परतावा देण्याची असते. त्यात २,२०० रुपये भरलेल्या ग्राहकाला २,५०० मिळतात, म्हणजे कूपनचे रोख पैसे होतात. सर्व वस्तू एकेक करून परत केल्यास बेरीज नेमकी दिलेल्या रकमेइतकी येते का, हे पाहिले की दोन्ही चुका उघड होतात.

## पैशांची पूर्णांकता

उदाहरणातील आकडे पूर्ण रुपयांत आले, पण नेहमी तसे होत नाही. प्रत्येकी ४९९ रुपयांचे तीन शर्ट आणि १०० रुपयांचे कूपन घेतल्यास प्रत्येकाचा वाटा ३३.३३ रुपये येतो आणि एक पैसा उरतो. तो कोणत्या तरी एका शर्टाला द्यावाच लागतो. निवडणुकीत मतांच्या प्रमाणात जागा वाटताना वापरली जाणारी ‘सर्वाधिक शेष’ पद्धत येथेही चालते: आधी सर्वांना पूर्ण पैसे द्यायचे व उरलेले पैसे ज्यांचा अपूर्णांक मोठा त्यांना द्यायचे. येथे तिन्ही अपूर्णांक समान असल्यामुळे शेवटच्या शर्टाला ३३.३४ रुपये सवलत दिली, तर दिलेल्या किमती ४६५.६७, ४६५.६७ आणि ४६५.६६ होतात.

दुसऱ्या विभागणीत हीच अडचण पुन्हा येते. एकूण १,३९७ रुपयांपैकी २०० रुपये वॉलेटमधून दिले असतील, तर प्रत्येक शर्टाचा वॉलेटचा वाटा स्वतंत्रपणे काढल्यास तो तिन्ही वेळा ६६.६७ रुपये येतो. बेरीज २००.०१ होते, म्हणजे वॉलेटमधून आले त्याहून एक पैसा अधिक. स्रोताची मर्यादा तपासणारी प्रणाली असा तिसरा परतावा नाकारते आणि तो एका पैशासाठी अडकून राहतो. यावरचा उपाय म्हणजे शेवटच्या वस्तूला सूत्राने येणारी रक्कम न देता स्रोतात उरलेली रक्कम देणे. तसे केल्यास वॉलेटमध्ये ६६.६६ रुपये व बँकेत ३९९ रुपये जातात.

म्हणूनच सवलतीचे वाटे ऑर्डर नोंदवतानाच ठरवून, पैशांच्या पूर्णांकात साठवले जातात. परताव्याच्या दिवशी ते नव्याने मोजले तर मध्यंतरी बदललेली किंमत किंवा आधी परत गेलेली वस्तू हिशेबात शिरते. घरपोच सेवेचे शुल्क याच कारणाने वेगळ्या ओळीत ठेवले जाते. ते आंशिक परताव्यात सहसा मिळत नाही. ज्या बिलावर प्रत्येक वस्तूसमोर तिच्या वाट्याची सवलत छापलेली असते, त्यावरून ग्राहकाला परताव्याचा अंदाज वस्तू परत करण्यापूर्वीच बांधता येतो.